बिल्ला, दाखला आणि पाच दिवस : मेलेल्या गायीच्या विमा दाव्याचं पत्र

(दृश्य : सांगोला तालुक्यातला एक गोठा. रिकामी गव्हाण. टेबलावर कागदांची पिशवी.)

निवेदन :
सोलापूर जिल्ह्यात सांगोला, पंढरपूर, माळशिरस या भागांत फिरलात तर दर दोन-चार वस्त्यांमागे एक काळी-पांढरी संकरित गाय दिसते. शर्यतीचा आणि कामाचा खिलार बैल ही इथली जुनी ओळख. पण महिन्याचा घरखर्च चालतो तो या संकरित गायीच्या दुधावर. गोचीड तापाला खिलार बऱ्यापैकी तोंड देतो, संकरित गाय मात्र लवकर बळी पडते. तिचा विमा काढण्याचं एक कारण हेच.

आज आपण एकच पत्र वाचणार आहोत. गाय मेल्यावर विमा कंपनीला द्यायचं. शेतकरी, गाव आणि बिल्ल्याचा नंबर नमुन्यादाखल घेतलेत. आजार आणि कागदपत्रं मात्र खऱ्या दाव्यांत असतात तशीच.

(दृश्य : पडद्यावर पत्राचा पहिला मसुदा, हाताने लिहिलेला.)

पहिला मसुदा असा आहे : “माझी जर्सी गाय आठवडाभर आजारी होती. बरेच उपचार केले, पण ती अचानक मेली. तरी विम्याची रक्कम मिळावी, ही विनंती.”

तीन वाक्यं आणि तीन अडचणी. गाय जर्सी नाही, होल्स्टीन संकरित आहे आणि पॉलिसीत तसंच लिहिलंय. ‘आठवडाभर’ हा शब्द दावा अडकवू शकतो, तो कसा ते पुढे येईल. आणि जी आठवडाभर आजारी होती ती ‘अचानक’ कशी मेली? दावा तपासणारा माणूस पत्र बाजूला ठेवतो आणि हाच प्रश्न विचारतो.

(दृश्य : गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा जवळून फोटो.)

निवेदन :
पत्राची सुरुवात बिल्ल्यापासून करायची. प्लॅस्टिकचा पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे आणि बारकोड. हाच नंबर जनावराच्या सरकारी नोंदीत असतो आणि पॉलिसीतही असतो. विम्याच्या धंद्यात ‘टॅग नाही तर क्लेम नाही’ असं सरळ म्हणतात. म्हणजे मेलेली गाय हीच विमा काढलेली गाय, हे दाखवायचं पहिलं साधन बिल्ला.

आपल्या नमुन्यात नंबर आहे ३४००१२३४५६७८. तो पत्रात लिहिताना बिल्ल्याच्या फोटोवरून लिहायचा, आठवणीतून नाही. मग पॉलिसीतल्या नंबराशी एकेक आकडा जुळवायचा. एखादा आकडा मागे-पुढे झाला, तर कंपनी म्हणते ही आमची गाय नव्हे. ते खोडून काढायला पुन्हा पशुवैद्यकाकडे जायचं, पुन्हा मृत्यूचा दाखला घ्यायचा.

बिल्ला गाय जिवंत असतानाच पडला असेल तर काय? तारेत अडकून कान फाटतो, बिल्ला गळून पडतो, हे गोठ्यात नेहमीचं आहे. तेव्हाच नवा बिल्ला मारून घ्यायचा आणि नवा नंबर कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवून घ्यायचा. गाय मेल्यानंतर हे करता येत नाही. बरेच जण नवा बिल्ला मारून थांबतात, कंपनीला कळवायचं राहून जातं.

पत्रात बिल्ल्याच्या शेजारी गायीची ओळखही लिहायची : रंग काळा-पांढरा, कपाळावर पांढरा ठिपका, शेपटीचा गोंडा पांढरा, वय सुमारे पाच वर्षं, दुसरं वेत. पॉलिसी काढताना जे वर्णन दिलं, तेच.

(दृश्य : कॅलेंडर, जून २०२५. ९ ते १४ या तारखांवर खुणा.)

निवेदन :
आता आजाराचा क्रम. माझ्या मते पत्राचा जीव इथे आहे आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणाही इथेच होतो.

सोमवार, ९ जून. सकाळी गायीनं वैरण निम्मी टाकली. रोजचं चौदा लिटर दूध त्या दिवशी नऊ लिटरवर आलं. त्या दिवशी डॉक्टरला बोलावलं नाही, कारण उन्हाळ्याच्या शेवटी एखादा दिवस दूध कमी होणं नवं नाही. हे पत्रात असंच लिहायचं.

मंगळवार, १० जून. सकाळी साडेआठला डॉक्टरांना फोन. साडेदहाला ते आले. ताप १०५.५. दोन्ही खांद्यांपुढच्या गाठी सुजलेल्या, अंगावर गोचीड. कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काचपट्टीवर पसरलं, ती काच तपासणीला पाठवली. गोचीड तापाचा संशय म्हणून ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं.

११ जूनला ताप १०४.८. १२ जूनला काचेचा अहवाल आला : थायलेरिया, म्हणजे गोचीड तापाचे जंतू. हिरड्या आणि डोळ्यांची आतली कड फिकट पडलेली, श्वास जलद. १३ जूनला गाय बसली ती उठली नाही. सलाईन आणि औषधं दिली. शनिवारी, १४ जूनला पहाटे साडेपाचला मेली.

(दृश्य : डॉक्टरांचा केस पेपर. तारखेवर बोट.)

निवेदन :
आता ‘आठवडाभर’ या शब्दाकडे परत या. केस पेपरवर पहिली भेट १० जूनची. पत्रात आठवडाभर आजारी लिहिलं, तर आजार ७ जूनला सुरू झाला असा अर्थ होतो. मग प्रश्न येतो : तीन दिवस उपचार का केले नाहीत? जनावराकडे दुर्लक्ष केल्यानं झालेला मृत्यू विम्यात बसत नाही. शेतकऱ्यानं सहज म्हणून लिहिलेला शब्द आणि कंपनीच्या हातात आयतं कारण. खरी हकीकत एका दिवसाच्या फरकाची होती. सोमवारी दूध कमी, मंगळवारी सकाळी डॉक्टर.

उलटी चूकही होते. सोमवारी कुणी गावठी औषध पाजलेलं असतं आणि पत्रात ते लपवलं जातं. अडाणी हातून झालेल्या उपचाराने मृत्यू आला तर दावा नाकारता येतो, ही भीती खरी आहे. पण लपवलेली गोष्ट पंचनाम्यात शेजाऱ्याच्या तोंडून निघाली, तर बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

तारखांना आणखी एक कारण आहे. गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. पॉलिसी नुकतीच काढलेली असेल, तर आजार आधीचाच होता का, हे कंपनी तपासणार. पॉलिसीच्या सुरुवातीला आजाराने मृत्यू झाला तर रक्कम न देण्याचा ठराविक काळही अटींत असतो. आपल्या नमुन्यातली पॉलिसी सप्टेंबर २०२४ची, म्हणजे इथे तो मुद्दा उरत नाही. पण पत्रात पॉलिसीची सुरुवात आणि शेवटची तारीख लिहून ठेवली, की तपासणाऱ्याला ते शोधावं लागत नाही.

(दृश्य : सकाळ. गोठ्यात मेलेली गाय, वर सावलीसाठी ताडपत्री. मोबाईलवर फोटो घेणारा हात.)

निवेदन :
१४ जून हा दुसरा शनिवार. कंपनीची शाखा बंद. सोमवारी जाऊन सांगू, असं वाटणं साहजिक आहे. पण कळवण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि ती तासांत मोजली जाते. शाखा बंद असली तरी पॉलिसीवरचा टोल फ्री नंबर असतो. फोन करायचा, दाव्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यायचा आणि ईमेल किंवा मेसेज पाठवून ठेवायचा. पत्रात वाक्य येतं : “१४ जून रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी फोनवर कळवले.”

फोटो चार तरी हवेत. पूर्ण गाय, तोंडासकट कानातला बिल्ला, बिल्ल्याचा आकडे वाचता येतील असा जवळून आणि गायीशेजारी मालक. बिल्ला कानातच असला पाहिजे. आधी कापून खिशात ठेवला, की तो कुठल्याही गायीचा असू शकतो. तपासणी आणि शवविच्छेदन झाल्यावर तो कानाच्या तुकड्यासह काढतात आणि कंपनीकडे जमा करतात.

शवविच्छेदन शक्यतो दिवसाउजेडी आणि लवकर. जूनच्या उकाड्यात शरीर काही तासांत फुगतं, मग आतले अवयव पाहून काहीच ठरवता येत नाही. एक अपवाद मात्र कडक पाळायचा. जनावर खरंच अचानक मेलं आणि नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतंय, तर शव फाडायचं नाही. काळपुळीचा संशय असतो आणि तिचे जंतू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, माणसालाही लागतात. तिथे डॉक्टर रक्ताच्या काचेवरून निदान करतात आणि दाखल्यात तसं लिहितात.

(दृश्य : दाखल्याचा कागद, सही आणि शिक्का.)

निवेदन :
आपल्या नमुन्यातल्या शवविच्छेदनात काय सापडलं? गाठी मोठ्या झालेल्या, पानथरी आणि यकृत वाढलेलं, चौथ्या पोटात छिद्र पाडल्यासारखे व्रण, श्वासनलिकेत फेस. गोचीड तापाचं हे नेहमीचं चित्र. डॉक्टरांनी दाखल्यात ते लिहिलं, काचेच्या अहवालाची तारीख लिहिली आणि मृत्यूचं कारण थायलेरिओसिस, म्हणजे गोचीड ताप, दिलं.

दाखला हातात पडल्या पडल्या तिथेच वाचायचा. बिल्ल्याचा नंबर, मृत्यूची तारीख-वेळ, कारण, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. ‘आजाराने मृत्यू’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आजाराचं नाव लिहून द्यायची विनंती करायची. डॉक्टर त्यावर रागावत नाहीत, निदान रागावू नये.

(दृश्य : पत्राची शेवटची प्रत, टाईप केलेली. आवाजात मुख्य मजकुराचं वाचन.)

“विषय : पॉलिसीअंतर्गत विमा संरक्षित होल्स्टीन संकरित गाय, बिल्ला क्रमांक ३४००१२३४५६७८, हिच्या मृत्यूबाबत दावा. महोदय, वरील गाय ९ जून २०२५ रोजी आजारी पडली. १० जून रोजी सकाळी १०.३० वाजता नोंदणीकृत पशुवैद्यकांनी तपासून उपचार सुरू केले. १२ जूनच्या रक्त तपासणीत थायलेरियाचे निदान झाले. उपचार चालू असताना १४ जून रोजी पहाटे ५.३० वाजता गाय मृत झाली. त्याच दिवशी सकाळी ७.१० वाजता आपणास फोनने कळवले व दुपारी शवविच्छेदन करण्यात आले. विम्याची रक्कम ६५,००० रुपये मिळावी, ही विनंती.”

निवेदन :
विनंतीसह सहा वाक्यं. रडगाणं नाही, घराची परिस्थिती नाही. ती सांगितल्यानं दावा मंजूर होत नाही आणि न सांगितल्यानं नाकारलाही जात नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दाव्यासाठी चारच कागद सांगितलेत : मृत्यूची सूचना, पॉलिसी, दावा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल. तरी केस पेपर, रक्ताचा अहवाल, फोटो आणि गावातला पंचनामा सोबत द्यावा. गाय बँकेच्या कर्जावर घेतली असेल, तर पॉलिसीत बँकेचं नाव असतं आणि रक्कम आधी कर्जखात्यात वळते. तेव्हा पत्राची एक प्रत बँकेलाही.

(दृश्य : दोन प्रती. एकीवर आवक शिक्का.)

निवेदन :
पत्राच्या दोन प्रती करायच्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यायचा. अभियानाखालच्या पॉलिसीत सगळे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढणं अपेक्षित आहे आणि हे दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात. उत्तर आलं नाही किंवा नकार पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. शिक्का असलेली प्रत, दाखला आणि बिल्ल्याचा फोटो सोबत न्यायचा.