महूच्या रस्त्यावर तासाला ६० ग्रॅम

(दृश्य: पहाटेचा राजवाडा. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लागते आहे. सायकलवाल्यांचा एक घोळका राऊकडे निघतो.)

निवेदन:

इंदूरहून राऊ, महू, बडगोंदा आणि पुढे जाम गेट. विंध्याच्या कड्यावरचा हा अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा पाहून परत यायचं, तर शंभर किलोमीटरच्या आसपास सायकल चालवावी लागते. बेताच्या वेगाने साधारण पाच तास. आज आपण या पाच तासांचं खाणंपिणं पाहणार आहोत. वेळ मे महिन्यातल्या रविवारची, सायकलस्वाराचं वजन ७० किलो.

स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, जो साठा ठेवतात, तो साधारण २००० कॅलरींचा असतो. पाच तासांच्या राईडला याहून जास्त लागतं. काही भाग चरबीतून येतो, पण चढावर किंवा समोरून वारा असताना शरीर साखरच मागतं. म्हणून खाणं पहिल्या अर्ध्या तासात सुरू करायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. याचं कारण आतड्यात आहे. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला साधारण ६० ग्रॅमच आत घेऊ शकतं. पहिले दोन तास काही न खाता काढले आणि तिसऱ्या तासाला दुप्पट खाल्लं, तर ते पोटात पडून राहतं, पायापर्यंत पोचत नाही.

घरातल्या साध्या साखरेत अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज असतं. दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी आत जातात, म्हणून साखरेचं पाणी पोटाला मानवतं. सराव असलेले लोक असं मिश्रण घेऊन ९० ग्रॅमपर्यंत जातात. शनिवार-रविवारच्या राईडला ६० पुरे, आणि जे आजवर फक्त पाण्यावर चालवत आले त्यांनी ३० ते ४० पासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवावं. पायांसारखाच पोटालाही सराव लागतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. वजनकाट्यावर साखर, शेजारी ७५० मिलिलिटरची बाटली.)

आता बाटली भरू. ७५० मिलिलिटर पाण्यात ४५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट ११ चमचे. त्यात सपाट पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. हे द्रावण सहा टक्क्यांचं होतं. साखर आठ टक्क्यांच्या पलीकडे गेली की पोट हळू रिकामं होतं, आणि फारच घट्ट झालं तर आतडं उलट शरीरातलं पाणी आत ओढून घेतं. पोटात डचमळतं, मळमळतं, कधी जुलाब होतात. पाच तासांची सगळी साखर एकाच बाटलीत ओतणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. तसं झालंच तर वेग कमी करा, वीसेक मिनिटं फक्त साधं पाणी घोट घोट घ्या, मग पुन्हा खायला लागा.

निघण्याआधी दीड तास, म्हणजे पहाटे चारच्या सुमाराला, दोन पोळ्या आणि एका केळ्याचं शिकरण. यात साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदकं आहेत. दूध मानवत नसेल तर पोळी, गूळ आणि केळं. पोहे-जिलबी आणि कचोरी मात्र परत आल्यावर. तळणातल्या चरबीमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि राऊ ओलांडेपर्यंत ती कचोरी छातीशी येते.

(दृश्य: जर्सीचे मागचे तीन खिसे, एकेक वस्तू आत जाते.)

साडेपाचला निघताना सायकलला अशा दोन बाटल्या. शिवाय ४५ ग्रॅम साखर आणि मीठ घातलेल्या दोन पुड्या घरूनच बांधून घ्यायच्या, म्हणजे वाटेत पाणी मिळालं की मोजमाप करत बसावं लागत नाही. एका खिशात अर्धा लिटर साधं पाणी. ते का, हे पुढे कळेल. दुसऱ्या खिशात दोन केळी, तिसऱ्यात बिया काढलेल्या चार-पाच खजुरा आणि एकूण तीस ग्रॅमचे राजगिऱ्याचे लाडू. एक मध्यम केळं, तेवढ्या खजुरा किंवा तेवढे लाडू, यांतल्या प्रत्येकात साधारण २४ ते २५ ग्रॅम कर्बोदकं. शेंगदाण्याची चिक्की आवडीची असली तरी तिच्यात चरबी बरीच, म्हणून ती मागे ठेवा.

महूपर्यंतच्या पहिल्या तासात एक बाटली आणि एक केळं संपवायचं. केळं एकदम नको. अर्धं पंचविसाव्या मिनिटाला, अर्धं पन्नासाव्या. महूत थांबून रिकाम्या बाटलीत पहिली पुडी घाला आणि पाणी भरा. पुढे दुकानं विरळ होतात, आणि महूला परत यायला आणखी तीन तास लागतात. तेवढ्या वेळाला दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर, कमी पडतात. खिशातलं अर्धा लिटर पाणी ही तूट भरून काढतं. या तीन तासांत तासाला एक याप्रमाणे खजूर, लाडू आणि दुसरं केळं. लाडू कोरडा असतो, त्याच्यासोबत साखरेचं नव्हे, साधं पाणी प्या. परतताना महूत दुसरी पुडी, आणि शेवटच्या तासाला फक्त ती बाटली.

हिशेब करू. चार बाटल्यांतून १८० ग्रॅम आणि खाण्यातून जवळपास १००. पाच तासांत २८०, म्हणजे शेवटचा तास हलका ठेवूनही ६० च्या जवळ.

तरीही कधी साखर संपतेच. ते ओळखता येतं. पाय दुखत नाहीत, पण त्यांत जोरच राहत नाही. डोकं जड होतं, चिडचिड होते, उन्हातही हात थरथरतात. अशा वेळी थांबा, सावलीत बसा, खजुरा किंवा साखरेची पुडी पाण्यासोबत घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं द्या. साखर रक्तात उतरायला तेवढा वेळ लागतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे सगळे आकडे आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावेत.

(दृश्य: घर. वजनकाटा, टॉवेलने अंग पुसून त्यावर उभा सायकलस्वार.)

पाणी किती प्यावं, याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. म्हणून राईडच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आपला सायकलस्वार ७० किलोंचा निघाला, परतला तेव्हा ६८.८. घट सव्वा किलोच्या आत. वाटेत ३.५ लिटर प्यायलं. दोन्ही मिळून ४.७ लिटर घाम, तासाला साधारण ९४० मिलिलिटर. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत आहे, तेव्हा पाणी पुरेसं होतं.

वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं. ते जास्त धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात, मळमळतं, पुढे भानही हरपू शकतं. तशी लक्षणं दिसली तर आणखी पाणी न देता दवाखाना गाठा. जर्सीवर पांढरे डाग पडत असतील तर घामातून मीठ बरंच जातंय, अशांनी पाव चमच्याला हात आखडू नये.

पुढच्या वेळी ऊन जास्त असेल आणि घट दोन टक्क्यांच्या वर गेली, तर साखर तेवढीच ठेवा. वाढवायचं ते साधं पाणी. खिशातल्या अर्ध्या लिटरच्या जागी पाऊण लिटर, आणि निघायची वेळ साडेपाचऐवजी पाच.