संध्याकाळी जडावणारा वृषणकोष: व्हेरिकोसील आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

आज मी ज्या तक्रारीविषयी बोलणार आहे, ती घेऊन येणारा पुरुष बहुतेक वेळा आधी पाठ दुखते किंवा लघवीला त्रास होतो असे काहीतरी सांगतो आणि उठून निघताना दारापाशी खरे दुखणे बोलतो. सकाळी उठल्यावर काहीच होत नाही; दुपारनंतर डाव्या बाजूला जडपणा जाणवू लागतो; संध्याकाळपर्यंत वृषणकोषाला खालून कोणीतरी ओढ देत असल्यासारखे वाटते, कधी ही ओढ जांघेपर्यंत चढते; आणि रात्री अंथरुणावर आडवे झाल्यावर अर्ध्या तासात सगळे निवते. तीव्र कळ नसते, ताप नसतो, लघवीला जळजळ नसते. दुखणे दिवसभर उभे राहण्याबरोबर वाढते आणि आडवे होण्याबरोबर ओसरते, ही यातली सर्वांत महत्त्वाची खूण आहे. डॉक्टरांना सांगताना ती आवर्जून सांगावी, कारण पुढची तपासणी तिच्यावरच बेतलेली असते.

असे का होते हे समजण्यासाठी वृषणातले रक्त परत कसे जाते ते पाहावे लागेल. वृषणाच्या वरच्या बाजूला बारीक शिरांचे एक जाळे असते. ते धमनीतून येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता शोषून घेते, म्हणून वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते तीन अंश सेल्सिअसने कमी राहते, आणि शुक्रजंतू तयार होण्यासाठी ते तसे राहणे गरजेचे असते. हे जाळे पुढे एकत्र येऊन एक शीर बनते आणि ती जांघेतून पोटात वर चढते. उजवीकडची शीर पोटातल्या मुख्य मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीकडची मात्र आणखी वर चढून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. म्हणजे डावीकडे रक्ताचा स्तंभ अधिक उंच असतो आणि वर मिळण्याची जागाही अडचणीची असते. शिरेतल्या झडपा नीट मिटत नसतील, तर उभे राहिल्यावर हे रक्त वर जाण्याऐवजी खाली उतरते, जाळ्यातल्या शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या होतात. यालाच व्हेरिकोसील म्हणतात. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना ते असते, बहुतेकांना डावीकडेच असते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

ते बहुधा वयात येताना सुरू होते. हस्तमैथुनामुळे किंवा स्वप्नदोषामुळे ते होत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून कित्येक तरुण मुले वर्षानुवर्षे हा अपराधीपणा मनात बाळगतात आणि त्यापायी निरुपयोगी औषधांवर पैसे घालवतात. फुगलेल्या शिरा कोणत्याही तेलाने, लेपाने किंवा चूर्णाने पूर्ववत होत नाहीत.

आता एका रुग्णाची हकिगत सांगतो. त्याची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. वय सत्तावीस, औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभ्याने काम, लग्नाला वर्ष झालेले. वर सांगितलेलीच तक्रार त्याला सहा-सात महिने होती. आधी त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. मग एका ठिकाणी त्याला टेबलावर आडवे करून तपासले गेले, काही सापडले नाही आणि जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके देण्यात आली. त्यांनी काहीच फरक पडला नाही, कारण संसर्ग नव्हताच. इथे चूक तपासणीच्या पद्धतीत होती. आडवे झाल्यावर फुगलेल्या शिरा रिकाम्या होतात, त्यामुळे लहान किंवा मध्यम आकाराचे व्हेरिकोसील त्या अवस्थेत हाताला लागत नाही.

त्याला मी उभे राहायला सांगितले. खोली थंड असेल तर वृषणकोष आकसतो आणि काही कळत नाही, म्हणून एसी बंद करून काही मिनिटे थांबलो. मग डाव्या वृषणाच्या वर आणि मागे दोन बोटांत धरून पाहिले, तेव्हा भिजवलेल्या शेवयांचा गुच्छ हाती यावा तसा मऊ गुंता लागला. श्वास रोखून शौचाला जोर लावतो तसा जोर करायला सांगितल्यावर तो आणखी भरला. नंतर आडवे केले, तर तो गुंता जवळपास नाहीसा झाला. जोर केल्यावरच शिरा लागतात तेव्हा पहिली श्रेणी, नुसते उभे राहिल्यावर हाताला लागतात तेव्हा दुसरी, आणि त्वचेतून डोळ्यांना दिसतात तेव्हा तिसरी श्रेणी मानतात. त्याची दुसरी होती. दोन्ही वृषणांचा आकारही मी हाताने पडताळला. डावा किंचित लहान वाटला, म्हणून डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली. तिच्यात शिरांचा व्यास तीन मिलिमीटरपेक्षा जास्त होता आणि जोर केल्यावर रक्त उलट वाहत असल्याचे दिसले.

डॉप्लर करताना एक काळजी घ्यावी. हाताला काहीच लागत नाही, पण सोनोग्राफीत जरा रुंद शीर दिसली म्हणून अहवालावर व्हेरिकोसील लिहून येते, आणि तेवढ्या एका शब्दावर लोक शस्त्रक्रियेला तयार होतात. फक्त यंत्रालाच दिसणाऱ्या अशा व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करून सहसा फायदा होत नाही. त्याचप्रमाणे व्हेरिकोसील आहे आणि दुखतेही आहे, एवढ्यावरून ते दुखणे त्यामुळेच आहे असे ठरत नाही. जांघेतला हर्निया, मूतखडा, कंबरेच्या मणक्यातून येणारी कळ यांनीही तिथे दुखू शकते. दुखणे उभे राहण्याबरोबर वाढत नसेल आणि आडवे झाल्यावर ओसरत नसेल, तर मी शिरांना दोष देण्याची घाई करत नाही.

त्या तरुणाला मूल हवे होते, म्हणून वीर्य तपासणीही केली. ती दोन ते सात दिवस संयम पाळून करायची असते आणि एका अहवालावर निष्कर्ष काढायचा नसतो. काही आठवड्यांनी पुन्हा करून पाहायची असते. त्याचे दोन्ही अहवाल ठीक होते. वंध्यत्वासाठी तपासणीला येणाऱ्या पुरुषांत व्हेरिकोसीलचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त, सुमारे तीनातल्या एकाइतके आढळते, हे खरे आहे. पण व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांना मुले होतात, हेही तितकेच खरे आहे. शिरा हाताला लागत असतील, वीर्य अहवाल बिघडलेला असेल आणि जोडप्याला मूल हवे असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पहिला उपयुक्त अहवाल तीन महिन्यांनंतरचाच असतो.

दुखण्यासाठी मात्र आम्ही पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया करत नाही. त्याला घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रे वापरायला सांगितली, कामाच्या मध्ये बसण्याची विश्रांती मागून घ्यायला सांगितली, जड ओझी उचलणे कमी करायला लावले आणि फार दुखेल त्या दिवसापुरती वेदनाशामक गोळी दिली. असे सहा आठवडे करून पाहिले. बऱ्याच जणांचे एवढ्यावर भागते. त्याचे भागले नाही. रोजचे काम करणे कठीण होऊ लागले, तेव्हा शस्त्रक्रिया ठरवली. जांघेच्या खालच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा बांधतात. धमनी आणि लसवाहिन्या मात्र जपाव्या लागतात. धमनीला इजा झाली तर वृषण सुकू शकते, लसवाहिन्या बांधल्या गेल्या तर नंतर वृषणाभोवती पाणी साठते आणि एखादी शीर राहून गेली तर तक्रार परत येते. म्हणून ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाचा सराव असलेल्या शल्यचिकित्सकाकडे करावी, असा माझा आग्रह असतो. दुसरा मार्ग म्हणजे मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी नेऊन ती शीर आतूनच बंद करणे. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांत मिळते. तो दुसऱ्या दिवशी घरी गेला, चार आठवडे त्याने वजन उचलले नाही, आणि तीन महिन्यांनी त्याचे संध्याकाळचे दुखणे थांबले होते. योग्य निवड केलेल्या बहुतेक रुग्णांचे दुखणे असे थांबते किंवा बरेच कमी होते, पण सगळ्यांचे थांबते असे वचन कोणीही देऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावे, याविषयी आता नेमके सांगतो. जडपणा दोन-तीन आठवडे टिकला, एक वृषण दुसऱ्यापेक्षा लहान वाटले, किंवा वर्षभर प्रयत्न करूनही मूल होत नसेल, तर सवडीने पण टाळाटाळ न करता मूत्रविकारतज्ज्ञाला किंवा शल्यचिकित्सकाला दाखवावे. शाळकरी मुलात ते दिसले, तर वृषणाची वाढ खुंटते आहे का हे दर वर्षी सोनोग्राफीने मोजत राहावे लागते.

काही गोष्टींसाठी मात्र त्याच आठवड्यात जावे. फुगलेल्या शिरा आडवे झाल्यावरही रिकाम्या होत नाहीत, फक्त उजवीकडेच आहेत, किंवा चाळिशीनंतर अचानक उद्भवल्या आहेत, तर वर पोटात काहीतरी त्या शिरेचा मार्ग अडवत असण्याची शक्यता असते आणि मूत्रपिंडाची गाठ हे त्यातले एक कारण आहे. अशा रुग्णाच्या पोटाची सोनोग्राफी केल्याशिवाय त्याला मी घरी पाठवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वृषणातच लागणारी कडक गाठ. व्हेरिकोसीलचा गुंता वृषणाच्या वर आणि मागे, मऊ आणि वेगळा लागतो. खुद्द वृषण कुठेतरी टणक झाले असेल, भले ते दुखत नसेल, तर तो कर्करोग असू शकतो. तो पंधरा ते पस्तीस या वयात अधिक आढळतो आणि त्याचीही पहिली तक्रार कधीकधी नुसता जडपणा हीच असते. वेळेवर पकडला तर तो बहुतांशी बरा होतो.

आणि एका तक्रारीला तर सकाळची वाट पाहायची नाही. वृषणात एकाएकी तीव्र कळ उठली, ते वर चढल्यासारखे वाटले, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर वृषणाला पीळ बसलेला असू शकतो. वयात येणाऱ्या मुलांत हे विशेष घडते आणि मुलगा लाजून फक्त पोट दुखते एवढेच सांगतो, म्हणून आईवडिलांनी त्याला तिथे दुखते का हे स्पष्ट विचारावे. रक्तपुरवठा तुटल्यापासून सुमारे सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते. त्यानंतर शक्यता झपाट्याने कमी होते. अशा वेळी गोळी देऊन थांबू नये, सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंतही थांबू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी, जिथे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ हजर असतात अशा रुग्णालयात थेट न्यावे, आणि शस्त्रक्रिया लागू शकते हे लक्षात घेऊन वाटेत मुलाला पाणीसुद्धा पाजू नये.