बाटली नक्की कधी संपते?

कपडे धुण्याच्या लिक्विडसारखी संपणारी वस्तू विकणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो, "ग्राहकाला पुन्हा घेण्याची आठवण कधी पाठवायची?" बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं. दोन ऑर्डरींमधल्या दिवसांची सरासरी काढायची आणि तेवढे दिवस झाले की मेसेज सोडायचा. हे उत्तर कुठे फसतं, ते एकाच ग्राहकाच्या नोंदीवरून पाहू.

समजा, पहिल्या दिवसाला शून्य म्हटलं. त्या दिवशी तिने लिक्विडची एक बाटली घेतली. छत्तिसाव्या दिवशी दोन घेतल्या, 106व्या दिवशी एक आणि 144व्या दिवशी तीन. मधली अंतरं झाली 36, 70 आणि 38 दिवस. सरासरी 48. पण 70 दिवसांचं अंतर पडलं, कारण आधी दोन बाटल्या घरात होत्या! अंतराला आधीच्या ऑर्डरीतल्या बाटल्यांनी भागा, मग आकडे येतात 36, 35, 38. म्हणजे एक बाटली साधारण 36 दिवस पुरते. ही बाई घड्याळासारखी नियमित आहे, आपली सरासरी तिला अनियमित ठरवत होती.

आता तिच्याकडे तीन बाटल्या आहेत. त्या 144 अधिक 108, म्हणजे 252व्या दिवसाच्या आसपास संपतील. माल पोचायला तीन दिवस लागत असतील आणि मेसेज पाहून ऑर्डर करेपर्यंत आणखी चारेक दिवस जात असतील, तर आठवण 245व्या दिवशी जायला हवी. अठ्ठेचाळीसच्या हिशोबाने ती 185व्या दिवशीच गेली असती. तेव्हा घरात जवळपास दोन बाटल्या शिल्लक! असे दोन-तीन मेसेज गेले की माणूस पुढचे मेसेज वाचतच नाही.

एकेकाच्या नोंदीत दोन-तीन अंतरं तरी असली तर हे जमतं. नव्या ग्राहकासाठी इतरांच्या आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तिथे एक लपलेली चूक आहे. तुम्ही गेल्या 60 दिवसांत आलेले ग्राहक घेतलेत आणि त्यातले पुन्हा आलेले मोजलेत, तर साठहून मोठं अंतर तुमच्या यादीत येऊच शकत नाही. हळू वापरणारे अजून परतलेलेच नाहीत, म्हणून आकडा लहान दिसतो. न परतलेल्यांनाही हिशोबात धरण्याची पद्धत कॅप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी 1958 सालीच मांडली आहे. तेवढं करायचं नसेल, तर निदान वर्षभरापूर्वी पहिली खरेदी केलेले ग्राहक घ्या. सरासरीऐवजी मधला आकडा पाहा.

सब्स्क्रिप्शनचं गणित जास्त नाजूक आहे. ठरावीक दिवसांनी माल मागवा आणि सवलत घ्या, ही ऑफर बहुतेक वेळा पहिल्याच खरेदीला समोर येते. त्या वेळी ग्राहकालाच ठाऊक नसतं आपली बाटली किती दिवस पुरते ते. माझ्या मते ऑफर द्यावी ती दोन अंतरं एकमेकांशी जुळल्यावर. ज्याची अंतरं 20, 70, 25 अशी उड्या मारतात, त्याला साधी आठवण पुरे.

शिवाय पर्याय असतात 30, 45 आणि 60 दिवसांचे. छत्तीस दिवस बाटली पुरवणाऱ्याने 30 निवडलं, तर प्रत्येक फेरीत सहा दिवसांचा माल उरतो. सहा फेऱ्यांत एक अख्खी बाटली जादा साठते, आणि मग सब्स्क्रिप्शन बंद. 45 निवडलं तर नऊ दिवस कोरडे जातात आणि तो दुसरीकडून घेतो. म्हणून पाच आठवड्यांचा पर्याय हवा, आणि माल निघण्याआधी "या वेळी नको" म्हणण्याची सोय हवी. असं वारंवार म्हणणाऱ्याचं अंतर वाढवून द्यावं. तो नाराज नसतो, त्याच्या घरी माल पडून असतो.

शेवटचा मुद्दा थोडा चमत्कारिक आहे. आठवणी सुरू झाल्यावर तुमचा आकडा बिघडतो. बाटली संपायच्या सात दिवस आधी मेसेज गेला आणि बाईंनी लगेच ऑर्डर केली, तर नोंदीत अंतर पडतं 29 दिवसांचं. संगणक म्हणतो, बाटली 29 दिवसांतच संपते. पुढचा मेसेज 22व्या दिवशी. वापर तेवढाच आहे, मेसेज मात्र दर वेळी आणखी लवकर जातोय, आणि विक्रीचा आलेख काही काळ छान दिसतो. मग एकदम ऑर्डरी थांबतात, कारण कपाट भरलेलं असतं. हे ओळखायचं कसं? दर दहांपैकी एका ग्राहकाला, निवड न करता, आठवण पाठवूच नका. बाटली किती दिवस पुरते हे फक्त त्या गटाकडून मोजा. बाकीच्यांचं अंतर त्यांच्यापेक्षा आखूड होत चाललं, तर मेसेज लवकर जातायत. आणि मेसेज पोचण्याआधीच बरेच जण ऑर्डर करून मोकळे होत असतील, तर तो उशिरा जातोय.