जाताना 30, येताना 60, मग सरासरी 45 का नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गाडीच्या सरासरी वेगाबद्दल. पुण्याहून महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर धरूया, थोडं इकडेतिकडे चालेल. शनिवारी सकाळी अख्खं पुणे निघतं तेव्हाच आपणही निघालो, खंबाटकीला ट्रकच्या मागे अडकलो, सुरूर फाट्यावरून आत वळलो, वाई ओलांडली आणि पसरणी घाटात एस्टीच्या मागे मागे रांगत पाचगणी गाठली. पोचेपर्यंत जातानाचा वेग पडला ताशी 30. येताना मधल्या वारी निघालो, रस्ता मोकळा, ताशी 60 मिळाला. आता येण्याजाण्याचा मिळून सरासरी वेग किती?

बहुतेक जण पटकन म्हणतात 45, तीस आणि साठ नव्वद, भागिले दोन, झालं. पण घड्याळ काय सांगतं बघा. जाताना 120 किलोमीटरला 4 तास गेले, येताना 2 तास. एकूण अंतर 240, एकूण वेळ 6 तास, म्हणजे सरासरी 40. पाच किलोमीटर गेले कुठे?

गेले कुठेच नाहीत हो, 45 मध्ये आपण एक गोष्ट न विचारताच गृहीत धरली होती, की 30 चा वेग आणि 60 चा वेग सारखाच वेळ चालला. तसं झालंच नाही ना! रस्ता दोन्हीकडे सारखा होता, वेळ नाही. सहापैकी चार तास आपण 30 ने रखडत होतो आणि दोनच तास 60 ने पळत होतो, मग सरासरी 30 कडे झुकणारच. हां, तीन तास 30 ने आणि तीन तास 60 ने गाडी चालवली असती तर 90 आणि 180 मिळून 270 किलोमीटर झाले असते आणि सरासरी अगदी बरोबर 45 आली असती. म्हणजे साधी सरासरी काही चुकीची नसते, ती वेळ सारखा असेल तेव्हाची असते, आणि जाऊन येण्यात सारखं असतं ते अंतर.

आणि हे अंतर किती, याने उत्तर बदलत नाही बरं का. 10 किलोमीटरवरच्या गावाला जाऊन या, जाताना 20 मिनिटं, येताना 10, अर्ध्या तासात 20 किलोमीटर, परत 40 च. म्हणून तोंडी करायचं तर दोन वेगांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. तीस गुणिले साठ अठराशे, दुप्पट छत्तीसशे, भागिले नव्वद, चाळीस.

खरी मजा पुढे आहे. समजा जाताना 30 पडलाय आणि आपल्याला काहीही करून सरासरी 45 हवीये, तर येताना किती पळवावी लागेल? 60 नाही, 90! घाटात 90, विचारसुद्धा करू नका. आणि सरासरी 60 हवी असेल तर? पटकन वाटतं 90 ने येऊ. पण सरासरी 60 म्हणजे 240 किलोमीटर 4 तासांत, आणि ते चारही तास जातानाच संपलेत, आता परत यायला एक मिनिटही शिल्लक नाही. विमान आणलं तरी जमणार नाही! मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने असंच एक टेकडीवरच्या जुन्या मोटारीचं कोडं आइनस्टाईनला पाठवलं होतं, आणि खाली उतरायला वेळच उरत नाही हे गणित करेपर्यंत आपल्याही लक्षात आलं नाही असं आइनस्टाईनने कळवलं होतं. तेव्हा आपण 45 म्हणालो तर फार मनाला लावून घ्यायला नको.

अजून एक, वाईत चहा-मिसळीला अर्धा तास थांबलात तर तोही एकूण वेळेत धरायचा की नाही हे आधी ठरवा. धरलात तर साडेसहा तास होतात आणि सरासरी 37 च्या आसपास येते. थांबलेल्या वेळात वेग शून्य असतो, आणि तो शून्यही सरासरीला खाली ओढतो.

यातून रोजच्या कामाचं काय, तर वेळ वाचवायचा असेल तर हात घालावा तो हळू चाललेल्या भागात. येताना 60 चा 70 केलात, म्हणजे जीव मुठीत धरून दहाने वाढवलात, तर 120 किलोमीटरमध्ये वाचतात जेमतेम 17 मिनिटं. तेच जाताना पहाटे गर्दीच्या आधी निघून 30 चा 40 झाला, तर 4 तासांचे 3 होतात, अख्खा एक तास वाचतो आणि सरासरी 48 वर जाते, आणि येताना गाडी 60 च्या वर न्यावीसुद्धा लागत नाही.