धुतलेल्या फ्रिजमधला वास नेमका येतो कुठून?

नमस्कार. फ्रिज रिकामा केला, कप्पे काढून साबणाने धुतले, आतून पुसून कोरडा केला, वर अर्धे लिंबूही ठेवले, आणि दोन-तीन दिवसांनी दार उघडताच तोच वास पुन्हा आला, ही तक्रार आपल्या खान्देशात आखाजीनंतर हमखास ऐकू येते. माहेरवाशिणी आलेल्या असतात, आमरसाची पातेली फ्रिजमध्ये शिरतात, बाहेर पारा 44 अंशांच्या आसपास असतो आणि नेमकी त्याच दुपारी वीज जाते. मी फ्रिज दुरुस्तीचे काम करतो, आणि आज अमळनेरच्या एका घरातल्या एकदारी फ्रिजवरून ही गोष्ट पूर्ण उलगडून दाखवणार आहे.

त्या घरी आमरसाचे पातेले कलंडले होते. काकूंनी सांडलेला रस त्याच दिवशी पुसला आणि कप्पे घासून लख्ख केले. तरीही आंबूस, किंचित दारूसारखा वास येतच राहिला. रस आंबतो तेव्हा यीस्ट त्यातल्या साखरेचे अल्कोहोल करते आणि पुढे जिवाणू त्याचे आम्ल बनवतात, त्यामुळे वासावरून पदार्थ ओळखता आला. प्रश्न एवढाच होता की पुसलेला रस अजून आंबतो आहे तो कुठे.

याचे उत्तर शोधायला कानात घालायच्या कापसाच्या काड्या घ्या. फ्रिजचा प्लग काढा, एक काडी दाराच्या रबराच्या खालच्या घडीत फिरवा, दुसरी काचेच्या कप्प्याची प्लास्टिकची पट्टी जिथे काचेवर बसते त्या फटीत, तिसरी भाजीच्या डब्याच्या रुळांखाली आणि चौथी पाणी निचरा होण्याच्या छिद्रात. मग फ्रिजपासून दूर, अंगणात जाऊन एकेक काडी हुंगा. उघड्या फ्रिजसमोर उभे राहून हे कळत नाही, कारण तिथे सगळीकडे एकच वास भरलेला असतो आणि नाकही लवकर सरावते. अमळनेरच्या फ्रिजमध्ये रबराच्या घडीतून काळपट बुरशी निघाली, पण आंबूस वास आला तो चौथ्या काडीला.

(कॅमेरा छिद्राजवळ.) हे छिद्र बऱ्याच एकदारी फ्रिजमध्ये आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी असते; काही मॉडेलमध्ये ते बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेच्या मागे असते. वितळलेल्या बर्फाचे पाणी या छिद्रातून एका नळीत जाते आणि फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवर बसवलेल्या छोट्या ट्रेमध्ये पडते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते पाणी उडून जाते, पण पाण्याबरोबर वाहून आलेला रस, दूध किंवा भाजीचा चोथा मात्र ट्रेमध्येच उरतो. म्हणजे आत सांडलेली प्रत्येक पातळ वस्तू शेवटी याच वाटेने जाते, आणि आपण धुतो ते फक्त वाटेच्या तोंडाशी असलेले घर. छिद्र पूर्ण तुंबले असेल तर भाजीच्या डब्याखाली पाणी साचते. अर्धवट तुंबले असेल तर पाणी दिसत नाही, फक्त वास येतो, आणि म्हणूनच ते लक्षात येत नाही. डबल डोअर, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये हे छिद्र बहुधा फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते. ते पॅनेल घरी उघडू नये, कारण आत हीटरच्या आणि सेन्सरच्या वायरी असतात.

आता निचरा साफ करण्याची रीत. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवा. पाणी उकळते नको, त्याने आतले प्लास्टिक तडकू किंवा वाकू शकते. मेडिकलमध्ये मिळणारी 50 मिलिलिटरची सिरिंज सुई न लावता घ्या आणि हे पाणी छिद्रात हळूहळू सोडा. दुसऱ्या कोणाला तरी मागच्या ट्रेकडे पाहायला सांगा: घातलेले पाणी थोड्याच वेळात तिथे धारेने आले तर वाट मोकळी आहे, थेंब थेंब आले तर गाळ अजून आहे. अशा वेळी जाड, लवचिक प्लास्टिकची दोरी हलकेच फिरवावी. सायकलचा स्पोक किंवा लोखंडी तार घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने नळी फाटली तर पाणी फ्रिजच्या भिंतीतच झिरपते आणि दुखणे कायमचे जडते. अमळनेरला आधी पिवळट बुळबुळीत गोळा बाहेर आला आणि त्यामागून कोथिंबिरीचे काळे पडलेले देठ आले.

मागची ट्रे काढण्याआधी प्लग काढून अर्धा तास थांबा, कारण कॉम्प्रेसर चांगलाच तापलेला असतो. ट्रे निघत नसेल तर ओढाताण न करता जागेवरच सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याची पद्धत सगळीकडे दाखवतात. तो फेस दिसायला छान असतो, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. आंबलेल्या रसाला किंवा नासलेल्या दुधाला सोडा वापरावा, मासळीच्या वासाला पाणी घातलेले व्हिनेगर, आणि दोन्ही हवेच असतील तर वेगवेगळ्या वेळी.

इतके झाल्यावरच वास शोषणाऱ्या वस्तूंचा विषय काढावा, कारण वासाचा उगम आत जिवंत असताना काहीही ठेवले तरी ते पुरे पडत नाही. लिंबू आणि व्हॅनिला वास झाकतात, शोषत नाहीत, शिवाय कापलेल्या लिंबावर स्वतःच बुरशी येते. कॉफीची पूड थोडे शोषते, पण आपला वास लोण्याला देते. सोडा आम्लयुक्त वासावर चालतो, मात्र हवेला लागतो तो त्याचा फक्त वरचा थर, म्हणून पुडा कोपरा कापून ठेवण्यापेक्षा तो पसरट ताटलीत पसरावा. लसणाच्या ठेच्याचा आणि कांद्याचा वास गंधकयुक्त असतो. तिथे सोड्याचा उपयोग फार थोडा.

सर्वांत भरवशाचा आहे तो सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल. त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग 500 चौरस मीटरपेक्षा अधिक भरू शकतो, आणि वासाचे रेणू त्याला चिकटतात. चुलीतला कोळसा त्याच्या जवळपासही येत नाही. एकदारी फ्रिजसाठी साधारण 150 ग्रॅम दाणेदार कोळसा दोन उथळ वाट्यांत घालून एक वरच्या आणि एक खालच्या कप्प्यात ठेवावा, कारण या फ्रिजमध्ये हवा खेळवणारा पंखा नसतो. उन्हात वाळवल्यावर त्यातला ओलावा आणि थोडा वास निघतो, पण तो पुन्हा नव्यासारखा होत नाही. वास परत जाणवू लागला की बदलावा. काकूंच्या फ्रिजमध्ये आंबूस वास धुण्यानेच गेला, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला लसणाचा वास कोळशाने चार-पाच दिवसांत उतरला.

एका ठिकाणी मात्र यातले काहीच चालत नाही. आतल्या अस्तराला तडा गेला असेल आणि त्यातून नासलेल्या मांसाचे किंवा दुधाचे पाणी मागच्या फोममध्ये मुरले असेल, तर तो फोम धुता येत नाही आणि बाहेरून कोळसा ठेवून भागत नाही. कापसाची काडी त्या तड्यातून फिरवा. वास तिथलाच निघाला, तर कोळशावर खर्च न करता आधी मेकॅनिकला तो तडा दाखवा आणि फ्रिज ठेवायचा की नाही हे त्यावरून ठरवा.