मैदानाबाहेरचे नऊ महिने

श्रोतेहो, नमस्कार.

सोळा वर्षांची एक मुलगी फुटबॉल खेळते, मधल्या फळीत. सामन्यात झटकन वळताना तिचा पाय जमिनीत रुतला आणि गुडघा आतल्या बाजूला मुरगळला. निदान झालं : एसीएल तुटलं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेला, वळताना गुडघा सांभाळणारा अस्थिबंध. शस्त्रक्रिया करून त्याच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. त्यानंतर सामना खेळायला किमान नऊ महिने. ही मुलगी काल्पनिक आहे, पण अशी मुलं-मुली जवळजवळ प्रत्येक संघात एखाद वेळी असतातच. या नऊ महिन्यांत तिचं संघाशी नातं कसं टिकवायचं आणि तिचा स्वतःच्या पायावरचा विश्वास परत कसा उभा करायचा, याबद्दल आज बोलू. पालक, प्रशिक्षक आणि संघातले सोबती, तिघांशीही.

आधी हे नऊ महिने कुठून आले ते सांगतो, कारण घरोघरी वाद यावरूनच होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं जवळपास थांबतं. मुलगी नीट चालते, जिने चढते, हलकं धावायलाही लागते. सगळ्यांना वाटतं, झाली की बरी! पण आत तो ग्राफ्ट अजून मुरलेला नसतो. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं या दुखापतीत होत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्याला साधारण निम्म्याने कमी झालं. म्हणून सातव्या महिन्यातल्या स्पर्धेची तारीख दाखवून तिला आशा लावू नका. ती तारीख हुकली की मुलीला आपणच नापास झाल्यासारखं वाटतं.

आता संघाचं बघू. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. फोन येतात, सगळा संघ भेटून जातो. सहाव्या आठवड्यापर्यंत हे सगळं आटतं. कुणाच्या मनात वाईट नसतं, प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बोलत असेल. यावर उपाय साधा आहे. प्रशिक्षकाने एका माणसावर काम सोपवायचं, आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि त्या वारी फोन करायचाच. फोनवर ‘कधी येतेस?’ हा प्रश्न मात्र नको. त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं, आणि दर वेळी ते नसल्याची आठवण होते. ‘या आठवड्यात गुडघ्याने नवीन काय केलं?’ असं विचारा. याला उत्तर असतं : ‘सायकलचं पायडल पहिल्यांदा पूर्ण फिरलं.’ संघाचा मोबाइलवरचा ग्रुप असेल तर तिला त्यात राहू द्या. खेळणाऱ्यांपुरता वेगळा ग्रुप काढला तर ते तिला कळतंच, आणि ते फार लागतं.

कुबड्या सुटल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की सरावाला बोलवा. आठवड्यातून चारही दिवस नको, एक किंवा दोन दिवस पुरे. आणि नुसतं बसायला तर मुळीच नको. इथे बहुतेक संघ चुकतात. तिला पाण्याच्या बाटल्या भरायला लावतात, नाहीतर शंकू गोळा करायला. दोन आठवड्यांनी ती यायची बंद होते आणि सगळे म्हणतात, तिचा रस कमी झाला. तिला जे काम दिलं त्यात फुटबॉल कुठेच नव्हता, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

काम असं हवं, की ते नीट झालं नाही तर सरावात काहीतरी कमी पडेल. एक उदाहरण सविस्तर सांगतो. ही मुलगी मधल्या फळीतली आहे. त्या जागेवरच्या खेळाडूने पास मिळण्याआधी खांद्यावरून मागे पाहायला हवं, म्हणजे चेंडू आल्यावर कुठे वळायचं ते आधीच ठरलेलं असतं. तिला एक वही आणि पेन्सिल द्या. सरावातल्या दहा मिनिटांच्या खेळात दोनच खेळाडू निवडायला सांगा. प्रत्येक पासाच्या वेळी खेळाडूने मागे पाहिलं तर एक उभी रेघ, नाही पाहिलं तर शून्य. पुढे एक खूण : चेंडू राहिला की गेला. सराव संपताना प्रशिक्षक तिला दोन मिनिटं देतो आणि ती सांगते, ‘चौदा पास आले. नऊ वेळा मागे पाहिलं, त्यात आठ वेळा चेंडू आपल्याकडे राहिला. पाच वेळा पाहिलं नाही, त्यात तीनदा गेला.’ एवढंच. कोण चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं नाही. ते त्या खेळाडूशी एकटीशी बोलायचं, नाहीतर मैत्रिणींना ती पहारेकरी वाटू लागते. या कामाचा खरा फायदा तिला स्वतःलाच होतो. ती रोज आपल्याच जागेचा खेळ वाचत असते, त्यामुळे परत आल्यावर पाय थोडे मागे असले तरी डोळे मागे नसतात.

ती बसते कुठे, हेही बघा. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकली आणि चेंडू घरंगळत आला, तर वर्षानुवर्षांची सवय असलेला पाय आपोआप पुढे जातो. तिने विचार करायच्या आतच. कुणीतरी धावत येऊन तिच्यावर आदळण्याचा धोका तर असतोच. म्हणून तिची जागा थोडी उंचावर किंवा कुंपणामागे ठेवा. तिथून खेळ दिसतोही चांगला.

फिजिओने दिलेल्या व्यायामांपैकी जे मैदानाजवळ करता येतात, ते संघाच्या वॉर्मअपच्या वेळीच करू द्या. एकाच वेळी सगळ्यांचा घाम निघतो, ही छोटी वाटणारी गोष्ट मुलांना फार जवळची असते. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली, ‘आज मला बघवत नाही,’ तर कारण न विचारता सुट्टी द्या. संघनिवडीच्या दिवशी हे हमखास होतं.

आता विश्वासाकडे वळू. ‘तू करशील गं’ एवढ्यावर विश्वास बसत नाही. गुडघ्याने काय काय केलं, ते तिला दिसावं लागतं. म्हणून एक वही फक्त गुडघ्याची ठेवा. महिन्यातून एकदा फिजिओबरोबर मोजमाप, आणि तुलना फक्त तिच्याच दुसऱ्या पायाशी. समजा, योग्य टप्प्यावर एका पायावर लांब उडी मोजली. चांगल्या पायावर 140 सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या पायावर 112. म्हणजे 80 टक्के. परतण्यासाठी साधारण 90 टक्के मागतात, म्हणजे 126 सेंटिमीटर. अजून 14 सेंटिमीटर, हे तिला कळतं. ‘अजून वेळ आहे’ यापेक्षा ते किती सुसह्य आहे पाहा.

इथे एक फसगत होते, ती समजून घ्या. इतके महिने न खेळल्याने चांगला पायही कमजोर होतो. त्याची उडी 140 वरून 120 वर आली, तर दुसऱ्या पायाची 108 सेंटिमीटरची उडीसुद्धा 90 टक्के भरते. टक्के वाढले, पण उडी 112 वरून 108 झाली! म्हणून टक्क्यांबरोबर सेंटिमीटरही लिहा, आणि चांगल्या पायाचं मोजमाप शक्य तितकं लवकर घेऊन ठेवा. शिवाय उडी सारखी भरली तरी मांडीची ताकद सारखी असेलच असं नाही, ती फिजिओकडून वेगळी मोजून घ्या.

मनाचंही मोजमाप आहे. एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची एक प्रश्नावली 2008 साली प्रसिद्ध झाली. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, गुडघा डगमगणार नाही याची खात्री वाटते का, असे प्रश्न त्यात असतात आणि शंभरपैकी गुण निघतात. फिजिओला ती सहाव्या आणि नवव्या महिन्यात भरून घ्यायला सांगा. गुण कमी आले तर रागावू नका, त्यातला सर्वांत कमी गुणांचा प्रश्न कोणता ते बघा. पुढची तयारी त्यावर बेतायची. भीती मैदानावरही दिसते : ती एकाच बाजूला वळते, उभी राहताना भार चांगल्या पायावर टाकते, कुणी जवळ येण्याआधीच चेंडू सोडून देते. आणि भीती अजिबात नसणं ही तयारीची खूण नव्हे. गुण भरपूर पण ताकद कमी असेल, तर ताकदीचं ऐकायचं.

डॉक्टर आणि फिजिओंनी परवानगी दिल्यावर संघात परतण्याच्या पायऱ्या असतात. आधी एकटीने सरळ रेषेत चेंडू नेणं. मग ठरलेल्या जागी वळणं. मग प्रशिक्षकाने ऐनवेळी हात दाखवला त्या बाजूला वळणं. ही पायरी दिसते त्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे विचार करायला वेळ मिळत नाही. त्यानंतर संघाच्या खेळात, पण वेगळ्या रंगाचा बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायचं बिनबाह्यांचं जाकीट, घालून. तो बिब असलेल्या खेळाडूला कुणी धक्का द्यायचा नाही, टॅकल करायचं नाही. प्रत्येक पायरीवर किमान दोन सराव. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला तर एक पायरी खाली यायचं आणि फिजिओला कळवायचं.

बिबचा उपयोग होतो तसा अपायही होतो. तो महिनाभर अंगावर राहिला की सोबतिणी तिला वाट सोडायला शिकतात. बिब काढल्यावरही सोडतात. ती तिघींना चकवून पुढे जाते, पण आपल्याला मुद्दाम जाऊ दिलं हे तिला कळतं. मग विश्वास वाढायच्या ऐवजी उतरतो. म्हणून बिब काढण्याचा दिवस आधीच ठरवा आणि पहिला धक्का ठरवून द्या. तिने स्वतः एक सोबतीण निवडायची. दोघींनी खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी दहा वेळा झटायचं, आधी निम्म्या जोराने, मग पूर्ण. त्यानंतर तीन विरुद्ध तीनचा छोटा खेळ, खरा टॅकल असलेला. सोबतिणींना स्पष्ट सांगा, की तिला जपून खेळलात तर तिचं नुकसान होतं.

पालकांसाठी एक वेगळी सूचना. झोप दोन आठवडे बिघडलेली राहिली, वजन वाढेल म्हणून ती जेवण टाळू लागली, संघाबाहेरच्या मैत्रिणींशीही बोलेनाशी झाली, तर हा नुसता हिरमोड नाही. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. आणि जगणं नको असं काही तिच्या तोंडून निघालं, तर त्याच दिवशी.

पहिला सामना. पूर्ण नको, शेवटची दहा-पंधरा मिनिटं. किती मिनिटं आणि कुठल्या जागेवर, हे तिला आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे बेंचवर बसून ती ‘घेतील की नाही’ याच विचारात राहणार नाही. स्कोअर काहीही असो, ठरलेल्या मिनिटाला तिला उतरवा. सामना संपल्यावर गुडघ्याबद्दल विचारण्याआधी खेळाबद्दल विचारा : मागे पाहिलंस का, पास कुठे दिसला? गुडघ्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, सूज बघून, आणि ते वहीत लिहा.

नमस्कार.