निबंधाला एक गुण द्यावा की पाच?

(कोल्हापुरात मराठीच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

विषय आहे ‘पंचगंगेचे प्रदूषण’, वेळ ४० मिनिटे, आणि गठ्ठ्यातले दोन निबंध आपल्यासमोर आहेत. पहिल्याचं अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. पण मजकूर असा की नदीचं नाव बदललं तरी चालेल. दुसरा नाल्यांचं सांडपाणी आणि जलपर्णी यांचा संबंध नेमका उलगडतो, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर, आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं.

समग्र पद्धतीत निबंध एकदा सलग वाचायचा आणि १ ते ६ मधला एकच गुण द्यायचा. समजा, दुसऱ्या निबंधाला एका परीक्षकाने ५ दिले आणि दुसऱ्याने ३. एक गुणाचा फरक सहसा चालवून घेतात. दोनचा पडला की तिसरा परीक्षक लागतो. इथे एकाने आशय पाहिला, दुसऱ्याला अर्धवट शेवट खटकला. पण हे त्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणून तपासणीआधीच प्रत्येक गुणाचा एक नमुना-निबंध सगळ्यांनी मिळून ठरवावा, आणि वेळेअभावी तुटलेल्या शेवटाचं काय करायचं हेही. घड्याळ लावून लिहिलेला निबंध हा पहिला खर्डाच असतो, त्यामुळे हा प्रश्न गठ्ठ्यागणिक येणारच.

विश्लेषणात्मक पद्धतीत गुण वाटून दिलेले असतात. हॉली जेकब्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली इंग्रजी शिकणाऱ्यांच्या निबंधांसाठी केलेली वाटणी अशी: आशय ३०, मांडणी २०, शब्दसंपत्ती २०, भाषेचा वापर २५, लेखननियम ५. या वाटणीने तपासल्यावर पहिल्या निबंधाला १७, १६, १६, २१, ५ मिळाले, तर दुसऱ्याला २६, १३, १५, १९, २. बेरीज दोन्हींची ७५! नुसती बेरीज निकालपत्रात गेली, तर इतकी मेहनत घेऊन उपयोगाची माहिती आपणच पुसली. मुलाच्या हातात पाचही आकडे पडले पाहिजेत.

आणि हे पाच आकडे खरोखर पाच असतात का? मला सर्वात मोठी काळजी याची वाटते. सुरेख अक्षराने मन जिंकलं की आशयाचे गुणही नकळत वर सरकतात. ओळखायचं कसं? गुणतक्ता समोर ठेवा. जवळजवळ प्रत्येक निबंधाचे पाचही रकाने एकत्रच वर किंवा खाली जात असतील, तर बहुधा समग्र गुणच पाच वेळा लिहिला गेलाय. उपाय असा की दहा निबंधांचा फक्त आशय तपासावा, ते गुण झाकावेत, निबंधांचा क्रम बदलावा आणि मग मांडणीकडे वळावं. यात वेळ बराच जास्त जातो. म्हणून नुसते वर्ग पाडायचे असतील, तर दोन परीक्षक आणि समग्र गुण पुरेत; मुलाला काय सुधारायचं ते सांगायचं असेल, तर मात्र हा वेळ काढावाच लागेल.